दुबईत नोकरी गेली आणि फायनल सेटलमेंट अडकलं: ‘मोहरे’कडे तक्रार कशी करायची

३१ डिसेंबर २०२४ ला संध्याकाळी आमच्या गोदामाच्या ऑफिसात मला बोलावून सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नका.’ सहा वर्षं तीन महिने स्टोअरकीपर म्हणून काढली होती. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पगार आलेला नव्हता. दोन दिवसांनी कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा पीआरओ एक कागद घेऊन खोलीवर आला आणि म्हणाला, ‘साइन करो भाई, पैसा दो दिन में अकाउंट में आएगा.’

त्या कागदावर मी सही केली नाही, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. माझ्याच खोलीतल्या दोघांनी वर्षभर आधी तशाच कागदावर सह्या केल्या होत्या. त्यातल्या एकाचे पैसे अजून आलेले नाहीत. रत्नागिरी, चिपळूण, महाडकडची किती मुलं आखातात आहेत हे मला माहीत आहे. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर काय, कोणत्या क्रमानं करायचं, ते इथं लिहितो आहे. हे संयुक्त अरब अमिरातीतल्या खासगी कंपन्यांपुरतं आहे. सौदी, कतार, ओमानचे कायदे वेगळे आहेत.

१. आधी ठरवा: तुमचं दार कोणतं?

मुख्य भूमीवरच्या, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या कंपनीत असाल तर तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे जाते. त्याचं इंग्रजी लघुरूप MOHRE. सगळे त्याला ‘मोहरे’च म्हणतात, मीही तेच म्हणेन.

दुबईतलं डीआयएफसी आणि अबूधाबीतलं एडीजीएम या दोन आर्थिक केंद्रांचे नोकरीचे कायदे आणि न्यायालयं वेगळी आहेत. तिथं नोकरी असेल तर खालचे हिशेब तुम्हाला लागू नाहीत. बाकीच्या फ्री झोनमध्ये कायदा देशाचाच लागतो, पण मध्यस्थी आधी त्या झोनचं प्राधिकरण करतं. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, आया यांच्यासाठी २०२२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांचीही तक्रार मोहरेकडेच जाते, पण ग्रॅच्युइटीचे आणि रजेचे नियम वेगळे आहेत.

तुम्ही कुठं मोडता हे कळत नसेल तर लेबर काँट्रॅक्ट काढून बघा. त्यावर मोहरेचा शिक्का आणि नंबर असला तर दार मोहरेचं.

२. सही करण्याआधी कागद वाचा

हा सगळ्यात मोठा सापळा आहे, म्हणून क्रमात तो आधी घेतला.

वर्क परमिट रद्द करताना कामगाराची सही लागते. त्या कॅन्सलेशनच्या कागदावर अरबीत आणि इंग्रजीत एक वाक्य असतं: माझे सर्व हक्काचे पैसे मला मिळाले आहेत. पीआरओ बोट ठेवतो ते सहीच्या रेघेवर, त्या वाक्यावर नाही. सही झाली की तुमच्याच हातचा पुरावा तुमच्याविरुद्ध उभा राहतो. नंतर ‘पैसे मिळालेच नाहीत’ हे सिद्ध करता येतं, अशक्य नाही, पण मग खात्याचे उतारे, मेसेज, साक्षी असं सगळं तुम्हाला मांडत बसावं लागतं. सही केली नसती तर पैसे दिल्याचं कंपनीला दाखवावं लागलं असतं.

कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आधी कॅन्सलेशन, मग पैसे, सिस्टीमच तशी आहे.’ हे खरं नाही. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्याचं ५३ वं कलम सांगतं की कराराचा शेवट झाल्यापासून १४ दिवसांत पगार आणि बाकीचे सगळे हक्क द्यायचे. ही मुदत करार संपल्याच्या तारखेपासून मोजतात, कॅन्सलेशनच्या सहीपासून नव्हे.

पीआरओशी मी भांडलो नाही. एवढंच म्हणालो, ‘पैसे खात्यात जमा होऊ देत, त्याच दिवशी येऊन सही करतो.’ आणि हेच वाक्य त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवलं, म्हणजे तारखेसकट नोंद राहिली. तुम्हीही तसंच करा. सही नाकारतोय असं कुठंही म्हणू नका. पैसे मिळाल्यावर सही द्यायला तयार आहे, असं लेखी म्हणा.

पुढच्या तारखेचा चेक पुढे केला तर तो म्हणजे पैसे मिळाले असं धरू नका. चेक परत आला तर ती वेगळी डोकेदुखी सुरू होते. खात्यात ट्रान्स्फर मागा. इथल्या बँकेचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड बाकी असेल तर मात्र एक लक्षात ठेवा: सेटलमेंटचे पैसे पगाराच्या खात्यात आले की बँक ते अडवून ठेवू शकते. बँकेशी आधी बोलून घ्या.

३. कागद गोळा करा

कंपनीचा ईमेल आणि हजेरीचं अ‍ॅप बंद व्हायच्या आत हे काम उरका. माझा ईमेल दुसऱ्या दिवशी दुपारी बंद झाला होता.

– पासपोर्ट, रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी यांच्या प्रती
– मोहरेत नोंदलेलं लेबर काँट्रॅक्ट आणि लेबर कार्डचा नंबर
– मागच्या वर्षभराचा बँकेचा उतारा
– नोकरीवरून काढल्याचं पत्र. पत्र दिलं नसेल तर तसं सांगणारे मेसेज
– रजेचे अर्ज, मंजुऱ्या, शिल्लक दाखवणारा ईमेल किंवा स्क्रीनशॉट
– कंपनीनं दिलेला सेटलमेंटचा हिशेब, दिला असेल तर

यातल्या काँट्रॅक्टबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मुंबईत एजंटनं दिलेलं ऑफर लेटर आणि मोहरेत नोंदलेला करार यातले आकडे वेगळे असू शकतात. ऑफर लेटरवर बेसिक जास्त, करारात कमी आणि उरलेलं ‘अलाउन्स’ म्हणून, अशी वाटणी पुष्कळ कंपन्या करतात. मोहरेचा अधिकारी नोंदलेला करार बघतो. मोहरेच्या अ‍ॅपमधून तो तुम्हाला स्वतः काढता येतो. काढा, आणि त्यावर ‘बेसिक’ किती लिहिलंय ते बघा. पुढचा अर्धा हिशेब त्या एका आकड्यावर चालतो.

बँकेचा उतारा महत्त्वाचा, कारण इथं पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून, म्हणजे सरकारला दिसेल अशा वाटेनं, खात्यात येतो. कोणत्या महिन्याचा आला नाही, हे उतारा आणि सरकारी नोंद दोन्ही सांगतात. रोख दिला असा दावा कंपनीनं केला तर तिला तुमच्या सहीची पावती दाखवावी लागते.

४. हिशेब स्वतः करा, एकेक बाब सुटी करून

‘माझं फायनल सेटलमेंट दिलं नाही’ अशी तक्रार केली की चर्चा घासाघीशीवर येते. कंपनी एक गोल आकडा टाकते, तुम्ही दुसरा सांगता आणि अधिकारी मधला सुचवतो. बाबी सुट्या केल्या की प्रत्येक बाबीला तिचा नियम चिकटतो आणि मधला आकडा काढायला जागा उरत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीनं पडला.

माझा पगार महिना ३,००० दिरहम होता, त्यात बेसिक १,८००. म्हणजे एका दिवसाचं बेसिक १,८०० भागिले ३०, बरोबर ६० दिरहम. नोकरी १ ऑक्टोबर २०१८ ते ३१ डिसेंबर २०२४.

पहिली बाब थकलेला पगार. दोन महिने, पूर्ण पगारानं, ६,००० दिरहम.

दुसरी न घेतलेली रजा. वर्षाला ३० दिवस रजा मिळते. ती शिल्लक असताना नोकरी संपली तर तिचे पैसे बेसिकवर मिळतात, पूर्ण पगारावर नाही. माझे २० दिवस शिल्लक होते, म्हणून १,२०० दिरहम. इथं बरेच जण पूर्ण पगारानं मागतात आणि अधिकाऱ्यासमोर चुकीचे ठरतात. एक आकडा चुकला की बाकीच्यांवरही शंका येते, म्हणून हे आधीच नीट करा.

तिसरी नोटीस. करारात ३० ते ९० दिवसांची नोटीस लिहिलेली असते. माझ्या करारात ३० दिवस होती आणि मला तर संध्याकाळी सांगून सकाळपासून बंद केलं. नोटीस दिली नाही तर तेवढ्या दिवसांची भरपाई पूर्ण पगारानं द्यावी लागते, म्हणजे ३,०००. नोटीस न देता काढण्याची गंभीर कारणं कायद्यानं ४४ व्या कलमात मोजून दिली आहेत. ‘काम कमी झालं’ हे त्यात नाही.

चौथी ग्रॅच्युइटी. एक वर्ष पूर्ण झालं की ती लागू होते. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. वरचे महिने त्या प्रमाणात. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होऊ शकत नाही, पण आपल्यासारख्यांना ही मर्यादा सहसा लागत नाही. बिनपगारी रजेचे दिवस नोकरीच्या काळातून वजा होतात. माझा हिशेब असा:

– पहिली ५ वर्षं: २१ × ६० × ५ = ६,३००
– सहावं वर्ष: ३० × ६० = १,८००
– वरचे ३ महिने: १,८०० चा चौथा हिस्सा = ४५०
– एकूण: ८,५५० दिरहम

चारही बाबी मिळून १८,७५०. शिवाय घरी परतायचं विमानाचं तिकीट. दुसरी नोकरी इथंच धरली नाही आणि तुमच्या चुकीमुळे नोकरी गेलेली नाही, तर तो खर्च मालकाचा.

आता कंपनीनं मला दिलेला कागद बघा. एकूण ११,५७५. पगार आणि रजा बरोबर लावली होती. ग्रॅच्युइटी मात्र सगळ्या सव्वासहा वर्षांना २१ दिवसांनी लावून ७,८७५ केली होती. नोटिशीचं नावच नव्हतं. आणि खाली ‘व्हिसा रिन्युअल’ म्हणून ३,५०० कापले होते. कायद्याचं सहावं कलम सांगतं की भरतीचा आणि नोकरीवर ठेवण्याचा खर्च मालकानं कामगाराकडून वसूल करायचा नाही, थेट नाही आणि आडवाटेनंही नाही. तरीही ही कपात मी कितीतरी कागदांवर पाहिली आहे. माणसं ती भरतातही, कारण व्हिसा आपल्या नावाचा म्हणून खर्च आपला असं त्यांना वाटतं.

अजून एक. जुन्या माणसांचा सल्ला घेताना जपून. ‘राजीनामा दिला तर एक तृतीयांशच ग्रॅच्युइटी मिळते’ हा नियम जुन्या कायद्यात होता. नवा कायदा २ फेब्रुवारी २०२२ ला लागू झाला आणि ती कपात गेली. राजीनामा दिलात तरी हिशेब तोच. पंधरा-वीस वर्षं इथं काढलेली मंडळी आपुलकीनं चुकीचं सांगतात. कंपनीच्या हिशेबनिसाला बहुधा खरं ठाऊक असतं, पण तो दुरुस्त करत नाही.

५. लेखी मागणी करा

हा हिशेब साध्या इंग्रजीत एका पानावर मांडा आणि कंपनीला ईमेल करा. चार ओळी बाबींच्या, एक ओळ एकूण रकमेची आणि शेवटी १४ दिवसांची तारीख. माझी तारीख १४ जानेवारी होती. धमकी नको, कलमांची यादीही नको. माझ्या मेलला उत्तर आलं नाही, पण ‘यानं मागितलंच नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

या दिवसांत कंपनीनं कामावर बोलावलं तर उत्तर दिल्याशिवाय राहू नका. सलग सात दिवस न कळवता गैरहजर राहिल्याची तक्रार मालक करू शकतो. आपण त्याला ‘अ‍ॅबस्काँडिंग’ म्हणतो. तोंडी काढलेल्या माणसावर नंतर हीच नोंद टाकल्याचं मी ऐकलं आहे. म्हणून तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी मेल करा: ‘आज मला उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मी कामाला तयार आहे. लेखी कळवा.’ या तीन वाक्यांनी तुम्ही पळाला नाहीत हे ठरतं.

६. तक्रार नोंदवा

मोहरेचं अ‍ॅप किंवा वेबसाइट, दोन्हीकडून होते. कामगाराला फी नाही. यूएई पास असेल तर त्यानं लॉगिन करा. फोनवरून करायची असेल तर कामगार तक्रार आणि सल्ला केंद्राचा नंबर ८००८४, आणि मंत्रालयाचा सर्वसाधारण नंबर ६००५९००००. हिंदीत बोलता येतं.

फॉर्ममध्ये मागण्यांचे प्रकार निवडायचे असतात. इथं घाई करू नका. थकीत पगार, रजा, नोटीस, ग्रॅच्युइटी, तिकीट असं जे जे लागू आहे ते सगळं निवडा आणि प्रत्येकासमोर आपला आकडा भरा. जी बाब मागितली नाही तिच्यावर पुढे कुणी आपणहून बोलत नाही. माझ्याबरोबर मीटिंगला आलेल्या एका गवंड्यानं फक्त पगार निवडला होता. नऊ वर्षांच्या ग्रॅच्युइटीचा विषय तिथं निघाला तेव्हा त्याला नव्यानं अर्ज करायला सांगितलं.

मोबाइल नंबर चालू ठेवा. कंपनीचं सिम परत द्यायचं असेल तर तक्रारीत स्वतःचा नंबर द्या. पुढची प्रत्येक गोष्ट एसएमएस आणि फोनवर येते.

मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षांची आहे. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीआधी ती वेगळी मोजली जायची आणि एकच वर्ष होती. दोन वर्षं आहेत म्हणून थांबू नका. कंपनीचं लायसन्स संपतं, मालक निघून जातो, व्हिसा सरतो. मी १६ जानेवारीला, म्हणजे पैसे द्यायची १४ दिवसांची मुदत संपल्यावर दोनच दिवसांनी, तक्रार केली.

७. मध्यस्थी

मंत्रालय १४ दिवसांत समेट घडवायचा प्रयत्न करतं. आधी सल्लागाराचा फोन येतो, मग दोन्ही पक्षांना एकत्र बोलावतात, कधी प्रत्यक्ष, कधी फोनवर. माझी मीटिंग वीस मिनिटांत संपली. अधिकाऱ्यानं कंपनीच्या माणसाला माझ्या यादीतल्या ओळी एकेक करून विचारल्या. ग्रॅच्युइटीचा फरक त्यानं तिथंच मान्य केला, कारण गणित होतं. व्हिसाच्या ३,५०० वर तो दोनदा अडला. अधिकारी म्हणाला, ‘हा खर्च तुमचा आहे,’ आणि पुढच्या ओळीवर गेला. नोटिशीबद्दल कंपनी म्हणाली की महिनाभर आधी तोंडी सांगितलं होतं. नोटीस लेखी लागते, तिथं तो मुद्दाही संपला.

तुम्हाला कमी रकमेवर मिटवायला सुचवलं जाईल. घ्यायचं की नाही हा निर्णय तुमचा. घरी हप्ते थकले असतील आणि हातात आज पैसे हवे असतील तर कमी घेण्यात लाज नाही. पण कशाच्या बदल्यात किती सोडतोय हे यादी बघून ठरवा. ‘एकूणात पाच हजार कमी’ असं ऐकू नका. कोणती बाब सोडायची ते विचारा.

आम्ही दोन हप्त्यांवर मिटवलं: ५ फेब्रुवारीला १०,००० आणि ५ मार्चला ८,७५०, तिकीट वेगळं. समेटाच्या कागदावर तीन गोष्टी आहेत का ते बघा: रक्कम, तारीख आणि पैसे कोणत्या मार्गानं येणार ते. ‘लवकरात लवकर’ असा शब्द असेल तर सही करू नका. कॅन्सलेशन शेवटचा हप्ता आल्यावर, हेही त्यात लिहून घ्या. मी घेतलं होतं, आणि ते कामी आलं.

८. समेट झाला नाही, किंवा झाला आणि मोडला

पहिला हप्ता वेळेवर आला. ५ मार्च गेली, दुसरा आला नाही. १० मार्चला मी त्याच तक्रारीच्या नंबरावर परत कळवलं.

इथं १ जानेवारी २०२४ पासून झालेला बदल फार उपयोगाचा आहे. दावा ५०,००० दिरहम किंवा त्याच्या आत असेल तर मोहरे स्वतःच निर्णय देऊ शकतं, आणि त्या निर्णयाला न्यायालयाच्या हुकुमासारखी अंमलबजावणीची ताकद असते. समेट मोडला असेल तर रक्कम कितीही असो, तेव्हाही मोहरेच निर्णय देतं. पूर्वी अशा लहान दाव्यांनाही न्यायालयाची वाट धरावी लागायची. तिथं महिने जायचे आणि कंटाळून माणसं घरी निघून जायची.

निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत प्राथमिक न्यायालयात जाता येतं. कंपनीही जाऊ शकते, आणि ती गेली की अंमलबजावणी थांबते. म्हणून निर्णय हातात आला की लगेच पैसे आले असं समजून तिकीट काढू नका. हे १५ दिवस जाऊ द्या. मग तो निर्णय घेऊन अंमलबजावणी न्यायालयात फाइल उघडायची. तिथून कंपनीची खाती गोठवण्याची मागणी करता येते. माझ्या बाबतीत फाइल उघडल्याचा मेसेज कंपनीला गेला आणि सहाव्या दिवशी ८,७५० जमा झाले. त्याच दुपारी जाऊन मी कॅन्सलेशनवर सही केली.

दावा ५०,००० च्या वर असेल आणि समेट होत नसेल तर मोहरे प्रकरण न्यायालयाकडे पाठवतं. पाठवल्याचं पत्र आलं म्हणजे खटला दाखल झाला असं नाही. तो तुम्हाला नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी दिवस मोजके असतात. पत्र आल्याच्या आठवड्यातच नोंदवा. पत्राचा मेसेज न वाचल्यामुळे तक्रार बंद झालेले लोक मी पाहिले आहेत. १,००,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांना कामगाराला न्यायालयाची फी नाही. कामकाज अरबीत चालतं, तेव्हा कागदांचं अरबी भाषांतर परवानाधारक भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

कंपनीच बुडाली असेल तर वेगळी वाट आहे. मोहरेखालच्या कंपन्यांना प्रत्येक कामगारामागे बँक हमी किंवा विमा ठेवावा लागतो. विम्यातून थकीत हक्कांपोटी एका कामगाराला २०,००० दिरहमपर्यंत मिळू शकतात. तुमच्या कंपनीचा विमा आहे का, हे तक्रार करतानाच विचारून ठेवा.

९. या काळात व्हिसा आणि पोट

कॅन्सलेशन झालेलं नाही तोपर्यंत व्हिसावरच्या तारखेपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर असतं. ती तारीख आज बघा. जवळ आली असेल तर मोहरेच्या अधिकाऱ्याला तक्रारीतच सांगा. कॅन्सलेशन झाल्यावर देशात राहायची सवलत किती, ते व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. मित्राला मिळाले तेवढेच दिवस तुम्हाला मिळतील असं धरू नका.

वाद चालू असताना दुसरीकडे परमिटशिवाय काम करू नका, एक दिवसही नाही. पकडलं गेलं तर दंड होतो आणि तुमच्या तक्रारीवर सावली पडते. मोहरेकडून तात्पुरतं वर्क परमिट मागता येतं.

कंपनीनं खोली सोडायला सांगितली किंवा पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करा, नंबर ८००४६३४२. पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकार मालकाला नाही. केंद्रात कायदेशीर सल्ला फुकट मिळतो.

१०. घरी परतायचंच असेल तर

आई आजारी आहे, किंवा इथं राहायला पैसे नाहीत, अशा वेळी दावा अर्धवट टाकून जावं लागतं. तसं असेल तर निघण्याआधी एका विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. इथल्या नोटरीकडे अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केलेलं पत्र सरळ चालतं. त्यात कामगार तक्रार चालवणं, समेट करणं, अंमलबजावणीची फाइल उघडणं आणि पैसे स्वीकारणं हे चारही अधिकार शब्दांत लिहिलेले असू द्या. मोघम पत्र न्यायालयाच्या खिडकीवर परत येतं.

हेच काम गावी गेल्यावर करायचं म्हटलं तर आधी नोटरी, मग मुंबईत राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या वकिलातीचं, आणि कागद दुबईत आल्यावर पुन्हा तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि अरबी भाषांतर. माझ्या एका महाडच्या मित्राला ग्रॅच्युइटी मिळाली, पण आधी या एका कागदासाठी त्यानं मुंबईच्या चार फेऱ्या केल्या. निघायच्या आधी दुबईतच हे उरकायला त्याला अर्धा दिवस लागला असता.